आयपीएल, परीक्षा आणि निवडणुकीच्या काळात चौकशा महागतात, तेव्हा जाहिरातीत काय तपासावे

यवतमाळ, वर्धा आणि वाशीम या पट्ट्यातील कृषी केंद्रे, ठिबकचे विक्रेते आणि फवारणी पंपांची दुकाने फेसबुकवर रोज तीनशे ते हजार रुपयांच्या जाहिराती चालवतात. त्यांच्याकडून एक तक्रार दरवर्षी ठरलेल्या वेळी येते. फेब्रुवारीपर्यंत सुरळीत चाललेली जाहिरात मार्चअखेरीस मंदावते, एप्रिलमध्ये एका चौकशीचा खर्च दीडपटीवर जातो आणि दुकानदार फोन करून विचारतो, "भाऊ, जाहिरात बिघडली का जी?" बहुतेक वेळा जाहिरात बिघडलेली नसते. परंतु "आयपीएल सुरू आहे, होईल ठीक" हे उत्तरही तितकेच घाईचे असते, कारण क्रिकेटच्या आड अनेकदा दुसरेच कारण लपलेले असते आणि ते दुरुस्त करण्याजोगे असते. ही दोन कारणे वेगळी कशी ओळखावीत, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी खर्चाचे तीन तुकडे करा

एका चौकशीचा खर्च वाढला, या एका आकड्यावरून काहीही कळत नाही. तो आकडा तीन वेगळ्या गोष्टींचा मिळून बनलेला असतो. जाहिरात हजार वेळा दाखवण्यासाठी किती पैसे पडले, म्हणजेच सीपीएम, ही पहिली गोष्ट. ज्यांना ती दिसली त्यांच्यापैकी किती जणांनी क्लिक केले, ही दुसरी. क्लिक केलेल्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष फोन केला किंवा फॉर्म भरला, ही तिसरी. पहिल्या गोष्टीवर बाजारातील इतर जाहिरातदारांचा ताबा असतो, दुसरीवर लोकांच्या लक्षाचा, आणि तिसरीवर बऱ्याच अंशी आपला स्वतःचा. म्हणून कोणता तुकडा हलला, हे कळेपर्यंत जाहिरातीला हात लावू नये.

दारव्हा तालुक्यातील एका ठिबक विक्रेत्याचे उदाहरण घेऊ. समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल केले आहेत. रोजचा खर्च 500 रुपये. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात सीपीएम 60 रुपये होता, शंभर वेळा दाखवल्यावर 1.2 क्लिक मिळत होते आणि दर दहा क्लिकमागे एक चौकशी येत होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सीपीएम 80 रुपयांवर गेला, क्लिकचे प्रमाण तेच राहिले, आणि शंभर क्लिकमागे दहाऐवजी आठ चौकशा येऊ लागल्या. खालच्या सूत्रात CPL म्हणजे एका चौकशीचा खर्च, CPM म्हणजे सीपीएम, CTR म्हणजे क्लिकचे प्रमाण आणि CVR म्हणजे क्लिकमागे चौकशीचे प्रमाण.

```
CPL = CPM / (1000 × CTR × CVR)

मार्च :  60 / (1000 × 0.012 × 0.10) = 50.0
एप्रिल : 80 / (1000 × 0.012 × 0.08) = 83.3
```

चौकशीचा खर्च 50 रुपयांवरून 83 रुपयांवर, म्हणजे सुमारे 1.67 पट झाला. यापैकी 1.33 पट वाढ सीपीएममुळे आहे आणि 1.25 पट क्लिकनंतरच्या गळतीमुळे. या दोघांचा गुणाकार 1.67 येतो. क्लिकचे प्रमाण बदललेले नाही, म्हणजे फोटो आणि मजकूर लोकांना पूर्वीइतकाच भावतो आहे. तरीही अशा वेळी दुकानदार सर्वांत आधी फोटोच बदलतो. तीन तुकड्यांपैकी जो एक ठीक होता, त्यालाच तो हात लावतो.

खर्च वाढला आहे की नाही, हे ठरवण्यासाठी एका दिवसाचा आकडा पुरत नाही. रोज सरासरी दहा चौकशा येत असतील, तर निव्वळ योगायोगाने एखाद्या दिवशी सात आणि एखाद्या दिवशी तेरा येणे अगदी स्वाभाविक आहे. सहा चौकशांचा एक मंगळवार म्हणजे घसरण नव्हे. आठवड्याची बेरीज सत्तरवरून बेचाळीसवर आली, तर मात्र ती योगायोगाने सहसा येत नाही. म्हणून तुलना नेहमी पूर्ण आठवड्याची पूर्ण आठवड्याशी करावी, म्हणजे रविवार आणि आठवडी बाजाराचा दिवस दोन्ही बाजूंना सारखेच येतात.

सीपीएम वाढला, पण क्रिकेटमुळेच का?

आयपीएलच्या काळात मोठ्या कंपन्यांचा मुख्य पैसा दूरदर्शन वाहिन्यांवर आणि सामन्यांच्या थेट प्रसारणावर जातो. परंतु त्याच मोहिमेचा एक भाग फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरही फिरतो. जाहिरातीची जागा लिलावात विकली जाते, त्यामुळे बोली लावणारे वाढले की दर चढतो. दुसऱ्या बाजूने जागाही आखडते, कारण ज्या मोबाइलवर एरवी संध्याकाळी फेसबुक चाळले जाते, त्याच मोबाइलवर सामना चालू असतो. मागणी वाढणे आणि जागा घटणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, साधारण संध्याकाळी साडेसात ते साडेअकरा या वेळेत घडतात. क्रिकेटची ओळख पटते ती या वेळेवरून.

अहवालातील `Breakdown` मधून दिवसाच्या तासांनुसार आकडे काढा आणि सकाळी सहा ते नऊ, दुपारी बारा ते तीन आणि रात्री साडेसात ते साडेअकरा या तीन वेळांचे सीपीएम शेजारी शेजारी ठेवा. तासाचे आकडे पूर्ण तासांचे येतात, त्यामुळे सात ते बारा असा पट्टा धरला तरी चालेल. वाढ फक्त रात्री दिसत असेल, तर क्रिकेटचा संशय रास्त आहे. शनिवार-रविवारी दोन सामने असतात तेव्हा पहिला दुपारी साडेतीनला सुरू होतो, म्हणून त्या दिवशी दुपारनंतरचा दरही चढलेला दिसला पाहिजे. वाढ दिवसभर सारखीच असेल, तर क्रिकेटवर खापर फोडता येत नाही. तेव्हा परीक्षा-प्रवेशाचे जाहिरातदार, निवडणूक किंवा आपल्याच तालुक्यात नव्याने उतरलेला एखादा स्पर्धक शोधावा लागतो.

आपल्याकडच्या दुकानदाराला यातून एक सोय मिळते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातील शेतकरी पहाटे आणि सायंकाळी शेतात असतो आणि भर दुपारी उन्हामुळे घरात किंवा झाडाखाली थांबतो. त्या वेळी मोबाइल हातात असतो आणि सामना बहुधा सुरू नसतो. दारव्ह्याच्या विक्रेत्याची वाढ जवळजवळ पूर्णपणे रात्रीची होती, म्हणून जाहिरात सकाळी सहा ते दुपारी चार एवढीच चालवण्याचा पर्याय त्याच्यासमोर ठेवता आला. मात्र फेसबुकवर तासांचे वेळापत्रक लावण्यासाठी रोजच्या बजेटऐवजी ठरावीक मुदतीचे एकत्रित बजेट घ्यावे लागते, आणि त्यासाठी नवा जाहिरात-संच मांडावा लागतो. एप्रिलच्या सुरुवातीला हे करणे परवडते. स्पर्धा संपायला आठच दिवस उरले असताना करू नये. नव्या संचाला स्थिर व्हायलाच तेवढे दिवस लागतात.

क्लिकनंतरची गळती: येथे क्रिकेट केवळ निमित्त असते

दारव्ह्याच्या उदाहरणातील दुसरा तुकडा अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण तो बाजाराच्या दराशी संबंधित दिसत नाही. लोक तेच, पान तेच, फोन क्रमांक तोच. मग दहापैकी एक क्लिक चौकशीत बदलत होता, तो आता साडेबारापैकी एक का?

त्यासाठी त्याच `Breakdown` मधून `Placement` निवडून जाहिरात कोठे कोठे दिसली ते पाहावे. मार्चमध्ये शंभर क्लिकपैकी 75 फेसबुकच्या मुख्य फीडमधून आणि 25 इतर ठिकाणांहून, म्हणजे प्रामुख्याने बाहेरच्या अॅप्समधील जागांवरून येत होते. फीडमधील शंभर क्लिकमागे 12 चौकशा मिळत होत्या आणि इतर ठिकाणच्या शंभरामागे फक्त 4, कारण तिथले बरेच क्लिक खेळ खेळताना किंवा पान सरकवताना चुकून झालेले असतात. एप्रिलमध्ये शंभर क्लिकपैकी फीडचे 50 उरले आणि बाकीचे 50 इतर ठिकाणांहून आले. फीडचे प्रमाण अजूनही 12 आणि इतरांचे 4 होते. कोणत्याही एका जागेची कामगिरी खालावली नव्हती, केवळ मिश्रण बदलले होते आणि तेवढ्यानेच सरासरी 10 वरून 8 वर आली होती.

हे घडण्यामागचे कारण असे. या विक्रेत्याची जाहिरात "जास्तीत जास्त क्लिक" या उद्दिष्टावर लावलेली होती. चौकशा फोनवरून येतात, त्यामुळे लहान दुकाने सहसा हेच उद्दिष्ट निवडतात. अशा वेळी यंत्रणेला चौकशी म्हणजे काय हे ठाऊकच नसते. तिला स्वस्त क्लिक हवा असतो. फीड महागले की ती आपोआप स्वस्त जागांकडे वळते, आणि क्लिकची संख्या बऱ्यापैकी टिकल्यामुळे वरवर सर्व ठीक दिसते. आयपीएल संपल्यावर मिश्रण बहुधा पूर्ववत होते, परंतु दोन महिन्यांच्या खर्चाचा बराच भाग तोपर्यंत वाया गेलेला असतो. येथे वाट पाहण्यात अर्थ नाही. बाहेरच्या अॅप्समधील जागा, म्हणजे `Audience Network`, बंद करणे हा एकच बदल करावा आणि त्यानंतर किमान आठवडाभर दुसरे काहीही बदलू नये, कारण मोठा बदल केल्यावर यंत्रणा पुन्हा शिकण्याच्या टप्प्यात जाते आणि त्या दिवसांचे आकडे तुलनेला निरुपयोगी ठरतात. बदलानंतर सरासरी सीपीएम आणखी वाढलेला दिसेल. त्याने घाबरून जाऊ नये; स्वस्त पण निरुपयोगी जागा हिशेबातून गेल्यामुळे तो वाढलेला असतो.

मिश्रण बदललेले नसूनही गळती वाढली असेल, तर `Link clicks` आणि `Landing page views` या दोन रकान्यांतील फरक पाहावा. ग्रामीण भागात दिवसाला दीड किंवा दोन जीबी डेटाचे पॅक सर्वाधिक चालतात. संध्याकाळी सामना पाहण्यात तो डेटा संपला की अनेक पॅकवर वेग 64 केबीपीएसवर उतरतो. त्या वेगाने सेकंदाला जेमतेम 8 केबी येतात, म्हणजे मोठ्या फोटोंनी भरलेले 3 एमबीचे पान उघडायला सहा मिनिटांहून अधिक लागतात. एवढे कोणीही थांबत नाही. क्लिकचे पैसे मात्र कापले जातात. तेच पान 300 केबीचे केले, तर सुमारे चाळीस सेकंदांत उघडते, आणि कॉलचे बटण सर्वांत वर ठेवले असेल तर ते त्याहून लवकर दिसते. क्लिक आणि पान उघडणे यांतील अंतर सामन्यांच्या दिवसांत रुंदावत असेल, तर दोष क्रिकेटला देता येईल, पण उपाय पानाचे वजन कमी करण्यातच आहे.

मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी तुलना का फसते

"मागच्या वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात खर्च एवढा नव्हता," हे वाक्य ऐकायला तर्कशुद्ध वाटते, पण आपल्याकडच्या घटना इंग्रजी तारखांना बांधलेल्या नसतात. बारावीचा निकाल 2024 मध्ये 21 मे रोजी लागला आणि 2025 मध्ये 5 मे रोजी. दहावीचा 2024 मध्ये 27 मे रोजी आणि 2025 मध्ये 13 मे रोजी. दोन्हींत सुमारे पंधरा दिवसांचा फरक आहे. निकालानंतर महाविद्यालये, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे जाहिरातींत उतरतात, आणि त्यांना हवे असलेले पालक म्हणजे चाळिशीच्या आसपासचा तोच शेतकरी, ज्याला आपण ठिबक विकत असतो. त्यामुळे 2025 च्या मेमधील दुसऱ्या आठवड्याची तुलना 2024 च्या दुसऱ्या आठवड्याशी केली, तर एका बाजूला प्रवेशाची धांदल आणि दुसऱ्या बाजूला निकालापूर्वीची शांतता येते. तुलना करायचीच असेल, तर "निकालानंतरचा पहिला आठवडा" हा "निकालानंतरच्या पहिल्या आठवड्या"शी जुळवावा.

पोळ्याचेही तसेच. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे तो 14 सप्टेंबरला आला, 2024 मध्ये 2 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 22 ऑगस्टला. पोळ्याची घसरण आकड्यांत अगदी वेगळी दिसते. सीपीएम जवळपास जागच्या जागी असतो आणि क्लिक मात्र एकदम पडतात, कारण बोली लावणारे वाढलेले नसतात, फक्त आपला ग्राहक बैल सजवण्यात गुंतलेला असतो. अशा एका-दोन दिवसांसाठी काहीही करू नये. ज्याला चैन पडत नाही, त्याने त्या दिवशी जाहिरात थांबवून तान्ह्या पोळ्यानंतर सुरू करावी, एवढे पुरे.

निवडणुकीच्या काळाचा प्रकार याहून किचकट आहे. राजकीय जाहिराती मतदारसंघाच्या भूगोलावर नेमलेल्या असतात, त्यामुळे एका तालुक्याच्या छोट्या लोकसंख्येवर अचानक मोठा पैसा येऊन पडतो. लोकसभा 2024 मध्ये विदर्भात दोन टप्पे होते. नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर येथे 19 एप्रिलला मतदान झाले. वर्धा, यवतमाळ-वाशीम, अमरावती, अकोला आणि बुलडाणा येथे 26 एप्रिलला. ज्यांचे गिऱ्हाईक दोन्ही भागांत होते, त्यांच्यासाठी हा सात दिवसांचा फरक म्हणजे आयता प्रयोग होता. क्रिकेट दोन्हीकडे सारखेच सुरू होते, म्हणून 20 ते 25 एप्रिल या दिवसांत नागपूर बाजूचा दर उतरला आणि यवतमाळ बाजूचा चढाच राहिला, तर तो फरक निवडणुकीचा मानता येतो. मात्र हे पाहण्यासाठी जिल्हावार वेगळे जाहिरात-संच आधीपासून चालू असावे लागतात. भारतासाठी फेसबुकचा प्रदेशनिहाय अहवाल राज्यापर्यंतच उतरतो आणि एकाच संचातील वर्धा व यवतमाळ नंतर वेगळे काढता येत नाहीत. पाचशे रुपयांच्या बजेटचे पाच तुकडे करणे मात्र शहाणपणाचे नाही. दोन पुरेत.

याचाच दुसरा अर्थ असा की, एप्रिल 2024 मध्ये आयपीएल आणि लोकसभा एकत्र होते आणि एप्रिल 2025 मध्ये फक्त आयपीएल. 2025 च्या एप्रिलमध्ये ज्यांचा खर्च "सुधारला", त्यांनी ते श्रेय स्वतःच्या नव्या फोटोला देण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

काही आठवडे मात्र कोणत्याच तुलनेला वापरू नयेत. 2025 चे आयपीएल 9 मे रोजी भारत-पाकिस्तान तणावामुळे थांबले आणि 17 मे रोजी पुन्हा सुरू होऊन 3 जूनला संपले. वरवर पाहता, "क्रिकेट बंद असताना दर किती उतरतो" हे तपासण्याची ही उत्तम संधी वाटते. परंतु त्याच दिवसांत सर्वांचे लक्ष युद्धाच्या बातम्यांवर होते आणि 13 तारखेला दहावीचा निकालही लागला. एका आठवड्यात तीन गोष्टी बदलल्या, तर कोणत्या एकीचा परिणाम किती, हे सांगता येत नाही. असा आठवडा तक्त्यात खूण करून वगळावा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर ऑगस्ट 2025 मध्ये कायद्याने बंदी आली, हेही ध्यानात ठेवावे लागते. क्रिकेटच्या काळात बोली चढवणारा तो एक मोठा गट होता, म्हणून 2025 पर्यंतच्या हंगामांतील वाढीचे प्रमाण पुढच्या हंगामांना जसेच्या तसे लावता येणार नाही.

गूगल शोधावरील घसरण वेगळी वाचावी

शोध-जाहिरातीत ग्राहक स्वतः विचारायला येतो, म्हणून तिथे एक जादा प्रश्न विचारावा लागतो: लोकांनी शोधणेच कमी केले, की शोधणारे आपल्याऐवजी दुसऱ्याकडे गेले? त्याचे उत्तर `Impr.` आणि `Search impr. share` हे दोन रकाने एकत्र पाहिल्यावर मिळते. जाहिरात दिसण्याची संख्या घटली आणि आपला वाटा तसाच राहिला, तर शोधच कमी झाले आहेत आणि बोली वाढवून उपयोग नाही, कारण जे लोक शोधतच नाहीत त्यांना बोली आणू शकत नाही. संख्या घटली आणि वाटाही घटला, तर बहुधा कोणीतरी पुढे सरकले आहे. मग `Auction insights` मध्ये ते कोण, हे पाहून बोलीचा निर्णय घ्यावा. "ठिबक अनुदान" सारखा शोध क्रिकेटपेक्षा पावसाच्या अंदाजावर आणि अनुदानाच्या घोषणांवर अधिक हलतो, असे माझे निरीक्षण आहे.

अंतिम सामन्यानंतर

घटनेमुळे चढलेला दर घटना संपल्यावर उतरला पाहिजे. अंतिम सामन्यानंतरचे दोन पूर्ण आठवडे घ्या आणि तेच तीन तुकडे पुन्हा मांडा. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर बियाणे आणि खतांचे विक्रेतेही लिलावात उतरतात, त्यामुळे सीपीएम अगदी मार्चच्या पातळीवर येईल अशी अपेक्षा धरू नये. परंतु रात्रीचा आणि दुपारचा दर पुन्हा जवळ आलेले दिसले पाहिजेत. ते जवळ आले आणि चौकशा तरीही कमीच असतील, तर कॅलेंडर बाजूला ठेवून दुकानाचा फोन दिवसभरात किती वेळा न उचलता राहतो हे पाहावे, पानावरील किंमत जुनी आहे का हे तपासावे, आणि जाहिरातीची वारंवारता, म्हणजे `Frequency`, किती झाली आहे ते बघावे. एका तालुक्यापुरत्या जाहिरातीत हा आकडा महिन्याभरात आठ-दहाच्या पुढे गेला असेल, तर तेच शेतकरी तोच फोटो पुन्हा पुन्हा पाहत आहेत. आणि फोटो बदलण्याची खरी वेळ तेव्हाची असते.